मालिकेतला तापीकाठ खरंच तापीकाठ आहे का? एका स्टिलवरून जागा शोधायची सगळी पद्धत

खान्देशातली कथा पडद्यावर आली की आपल्याकडे लगेच चर्चा सुरू होते, हा घाट प्रकाशा गावाचा, हा रस्ता चोपड्याचा, ती टेकडी लळिंगची. जिभाऊ लोक तर पैज लावायला तयार असतात, "हाऊ ते आपला प्रकाशाना घाट शे!" आणि तेवढ्यावर विषय संपतो. पण कथा जिथली असते तिथंच शूटिंग होतं असं अजिबात नाही, बऱ्याचदा होतच नाही, कारण युनिटला हॉटेल, जनरेटर, परवानगी, मुंबईपासूनचं अंतर हे सगळं बघावं लागतं. त्यामुळं "ओळखीचं वाटतं" यावर न थांबता जागा पक्की कशी करायची ते इथं सविस्तर लिहितोय, आणि सगळं एकाच स्टिलवर करून दाखवतो म्हणजे नुसत्या टिप्सची यादी होणार नाही.

स्टिल असा आहे. मराठी मालिका, कथा १९८५ च्या आसपासची, गाव तापीच्या काठावर शहादा तालुक्यात दाखवलंय. फ्रेममध्ये एक बाई दगडी पायऱ्यांवर बसलीय, डाव्या हाताला उंच दगडी भिंत आणि तिला लागून बुरुज, उजव्या हाताला पाणी, बरंच पाणी, आणि त्या पाण्यात लांबवर एक छोटं देऊळ उभं आहे. पायऱ्यांवर दगडी पिंडी दिसतात. पलीकडचा काठ एकदम सपाट, डोंगर नाही. त्याच एपिसोडमध्ये आधी एका गल्लीचा सीन आहे, त्यात ग्रामपंचायतीची पाटी आणि एक जीप उभी.

सगळ्यात आधी दोन ढीग करा

फ्रेममधली प्रत्येक वस्तू दोनपैकी एका ढिगात टाकायची. पहिला ढीग म्हणजे युनिटनं टेम्पोत घालून आणलेलं किंवा जागेवर रंगवलेलं: पाट्या, नंबरप्लेट, पोस्टर, कपडे, खाट, हंडे, बैलगाडी, पुढच्या बाजूचं एखादं घर सुद्धा. दुसरा ढीग म्हणजे जे कुणी हलवू शकत नाही: नदीची रुंदी, डोंगराची रेघ, जुनं दगडी बांधकाम, रेल्वेची लाइन, मातीचा रंग, ऊन कुठून पडतंय ते. पहिल्या ढिगावरून कळतं ते कथा कुठली आणि कधीची दाखवायची होती, दुसऱ्यावरून कळतं ते शूटिंग कुठं आणि कधी झालं. लोकांचा सगळा गोंधळ इथंच होतो, कारण नजर आधी पाटीवर जाते आणि पाटी हीच सगळ्यात स्वस्तात बदलता येणारी वस्तू आहे.

आपल्या स्टिलमध्ये दुसऱ्या ढिगात पाच गोष्टी आहेत: भिंत आणि बुरुज, पिंडी असलेल्या पायऱ्या, रुंद नदी, पाण्यातलं देऊळ आणि सपाट क्षितिज. पिंडी थर्माकोलच्या असू शकतात हे डोक्यात ठेवायचं, पण बुरुज आणि नदी कुणी आणत नाही.

फ्रेम नीट काढल्याशिवाय पुढं जाऊ नका

व्हॉट्सॲपवर फिरून आलेला स्क्रीनशॉट घेऊन बसलात तर वेळ वाया जातो. तो दाबलेला असतो, कडा कापलेल्या असतात आणि कामाची गोष्ट नेमकी कडेलाच असते. मूळ एपिसोड मिळत असेल तर तो व्हीएलसीमध्ये लावा, पॉज करून `E` दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढं सरकते आणि विंडोजवर `Shift+S` नं ती सेव्ह होते. कॅमेरा फिरतोय असा शॉट मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्याच्या फ्रेम एकापुढं एक जोडल्या की अख्ख्या काठाचं एक लांबलचक चित्र तयार होतं, जे एका स्टिलमध्ये कधीच मिळत नाही. कॉम्प्युटरवर ffmpeg असेल तर तेवढ्या तुकड्याच्या सेकंदाला दोन फ्रेम अशा निघतात:

```
ffmpeg -i ghat.mp4 -vf fps=2 frame_%03d.png
```

त्याच सीनचा उलटा शॉट सुद्धा शोधा, म्हणजे समोरच्या पात्राच्या बाजूनं घेतलेला. दोन माणसं बोलतायत असा सीन असला की कॅमेरा आलटून पालटून दोन्हीकडं बघतो, त्यामुळं तुम्हाला फुकटात विरुद्ध दिशेचा पण फोटो मिळतो. आपल्या एपिसोडमध्ये तो मिळाला. त्यात बाईच्या समोरच्या बाजूला वर जाणाऱ्या रुंद पायऱ्या, त्यांच्या टोकाला मोठा दरवाजा आणि शेजारी कोरीवकाम असलेली देवळासारखी छत्री दिसते.

चित्र उलटं तर नाही ना

एडिटिंगमध्ये कधीकधी शॉट आडवा फिरवतात, आरशात बघितल्यासारखा, आणि मग तुमचं डावं-उजवं सगळं चुकतं. अक्षरं दिसत असली तर प्रश्नच नाही. नसली तर पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी बघा, ती नेहमी घालणाऱ्याच्या डावीकडच्या कापडाला वर ठेवून लागते. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं हवं. पदरावर मात्र खान्देशात विसंबून राहू नका, कारण आपल्याकडं डाव्या खांद्यावरचा पण पदर दिसतो आणि गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावरचा पण, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपल्या स्टिलमध्ये मागं उभ्या असलेल्या एका माणसाच्या शर्टावरून चित्र सरळ आहे एवढं कळलं.

पाटी आणि जीप काय सांगतात

आता पहिला ढीग उघडू, कारण त्यातून शूटिंगची जागा कळत नसली तरी काळाचा अंदाज येतो आणि कला विभागानं किती अभ्यास केलाय ते पण कळतं.

ग्रामपंचायतीच्या पाटीवर "ता. शहादा, जि. नंदुरबार" असं लिहिलंय आणि कथा १९८५ ची. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यात होतं, म्हणजे ही पाटी त्या काळातली असूच शकत नाही, ती आता रंगवलेली आहे. कथा अजून जुनी असती, समजा १९५० ची, तर पाटीवर पश्चिम खान्देश जिल्हा हवा होता. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. जीपवर एमएच ३९ आहे, तेही तसंच चुकीचं. एमएच आणि पुढं आकडा ही पद्धत १९८९ पासूनची, त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं नंबर असायचा. शिवाय त्या काळी खाजगी गाडीची प्लेट काळी आणि त्यावर पांढरी अक्षरं असायची, २००० नंतर ती पांढरी झाली. इथं जीपची प्लेट पांढरी आहे.

या तीन गोष्टींवरून एकच निष्कर्ष काढायचा: पाटी आणि प्लेट युनिटनं लावलेली आहे, आणि ती लावणाऱ्याला आजचा नंदुरबार डोळ्यांसमोर होता. "पाटीवर शहादा आहे म्हणजे शूटिंग शहाद्याला झालं" असं म्हणायला काही आधार राहत नाही. उलट ज्या गावात खरंच शूटिंग होतं तिथली मूळ पाटी बऱ्याचदा मागं कुठंतरी राहून जाते. पुढच्या पाटीपेक्षा मागची, धूसर झालेली, कुणाचं लक्ष न गेलेली पाटी दहापट कामाची असते. गल्लीच्या सीनमध्ये लांबवर एका मोटरसायकलची प्लेट अर्धवट दिसते आणि तिची सुरुवात एमपी अशी आहे. एका गाडीवरून राज्य ठरत नाही, आपल्या शिरपूर-शहाद्याला मध्य प्रदेशच्या गाड्या रोजच येतात, पण हे टिपून ठेवायचं.

काळ ठरवायला आपल्या भागात अजून काही खुणा फार उपयोगी पडतात. हायवेच्या दगडावर एनएच ६ दिसलं तर तो रस्ता धुळे-जळगाव-भुसावळचा आणि दगड जुना, कारण २०१० साली नंबर बदलले आणि आता तो ५३ आहे. दुकानाच्या पाटीवर पिनकोड असेल तर १९७२ च्या आधीची कथा तिथंच फसली, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. आणि धुळ्याच्या पश्चिमेला, साक्रीकडं, ब्राह्मणवेलच्या बाजूच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या या शतकातल्या. पेशवाईतला घोडेस्वार दौडतोय आणि मागं डोंगरावर एक पांढरं पातं फिरतंय असं दिसलं की तुम्हाला जागा पण मिळते आणि शूटिंगचा काळ पण. असंच केळीच्या बागेचं. स्वातंत्र्याच्या काळातली कथा आणि केळीच्या बुडाशी काळ्या ठिबकच्या नळ्या दिसल्या तर शॉट खऱ्याखुऱ्या आजच्या बागेत घेतलाय, आणि बाग काही कुणी सेट म्हणून लावत नाही.

छप्पर बघा, मग माती बघा

खान्देशातलं जुनं गाव ओळखायची माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे छप्पर. आपल्याकडं जुनी घरं धाब्याची. लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर आणि वर पाणी न मुरणारी खारी माती. वरून सपाट, उन्हाळ्यात त्यावर झोपता येतं, पापड-कुरडया वाळत घालता येतात. पाऊस कमी म्हणून हे चालतं. सातारा, वाई, भोर, कोकण इकडं पाऊस जास्त, म्हणून तिथं उतरतं कौलारू छप्पर. आता मराठी मालिका-सिनेमांमधलं "गाव" कितीतरी वेळा वाई-मेणवलीच्या बाजूचं असतं, त्यामुळं खान्देशातलं म्हणून दाखवलेल्या गावात रांगेनं लाल कौलं दिसली की मला लगेच शंका येते. पुढचं एखादं घर धाब्याचं केलेलं असतं, मातीनं लिंपलेलं, नवंकोरं, पण त्याच्या मागची आठ-दहा घरं कौलारू असतात, आणि ती मागची घरं खरं बोलतात.

माती पण तशीच. तापीच्या खोऱ्यात काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडलेली. लालसर तांबडी माती दिसली तर कोकण किंवा महाबळेश्वरची बाजू आठवा. मात्र रंगावर फार जीव टाकू नका, कारण हल्ली मालिकांचा रंग नंतर कॉम्प्युटरवर बदलतात, सगळं सोनेरी-पिवळं करतात, त्यात काळी माती पण तपकिरी दिसते. एखादी पांढरी वस्तू, धोतर किंवा चुन्याची भिंत, फ्रेममध्ये पिवळट दिसत असेल तर रंगाचा पुरावा सोडून द्या.

आपल्या गल्लीच्या सीनमध्ये पुढचं घर धाब्याचं आणि मागं उतरती कौलं आहेत. म्हणजे गल्ली तरी खान्देशातली नसावी असा कल झाला. पण गल्ली आणि घाट एकाच ठिकाणचे असतीलच असंही नाही, सीन जोडून दाखवतात, त्यामुळं घाटाचा निकाल घाटावरूनच लावायचा.

तीन उमेदवार उभे करा आणि एकेक बाद करा

एकच जागा डोक्यात ठेवून जुळवायला बसलं की सगळंच जुळतं असं वाटायला लागतं. म्हणून निदान तीन तरी जागा घ्यायच्या आणि प्रत्येकीत काय *जुळत नाही* ते शोधायचं. इथं तीन घेतल्या: आपलं प्रकाशा, वाईजवळची मेणवली आणि नर्मदेवरचं महेश्वर. तिन्हीकडं दगडी घाट आहेत, नदी आहे, देवळं आहेत.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, आणि वसईहून आणलेली ती मोठी घंटा. पण कृष्णा तिथं अरुंद आहे, वर थोड्याच अंतरावर धोमचं धरण, आणि चहूबाजूंनी सह्याद्रीचे डोंगर अगदी जवळ. आपल्या स्टिलमध्ये पाणी रुंद आणि पलीकडं क्षितिज सपाट. मेणवली बाद.

प्रकाशा हे तापी आणि गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराचं देऊळ, लोक दक्षिण काशी म्हणतात. गाव तापीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाटावरून नदीकडं तोंड केलं की तुम्ही दक्षिणेकडं बघता आणि तिकडं मोठा डोंगर नाही, सातपुडा तुमच्या पाठीमागं उत्तरेला. म्हणजे सपाट क्षितिज इथं चालतं! खाली बॅरेज झाल्यापासून पाणी पण भरपूर अडतं. इथपर्यंत जिभाऊंचं बरोबर आहे. पण घाटाला लागून किल्ल्यासारखी उंच तटबंदी आणि बुरुज हवा आणि नदीच्या मध्यात देऊळ हवं. ते तिथं नाही.

महेश्वर म्हणजे आपल्या धुळे-इंदूर रस्त्यानं शिरपूर, सेंधवा करत धामणोदपर्यंत गेलं की तिथून आत. अहिल्याबाईंची राजधानी. घाटावर थेट किल्ल्याची भिंत उभी आहे, बुरुज आहेत, पायऱ्यांवर ठिकठिकाणी पिंडी आहेत, वर जायला मोठा दरवाजा आणि शेजारी कोरीव छत्री, आणि नर्मदेच्या पात्रात खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ. पलीकडं नावडातोडीचा सपाट काठ. पाचपैकी पाच.

पण "महेश्वरसारखं दिसतं" आणि "महेश्वर आहे" यात फरक आहे, आणि तो फरक पुढच्या पायरीत मिटतो.

रेघा मारून कॅमेरा कुठं होता ते काढा

या कामाचा कणा हा आहे, म्हणून नीट समजून घ्या. फोटोमध्ये दोन वस्तू जेव्हा एकापाठी एक येतात, म्हणजे जवळच्या वस्तूची कड लांबच्या वस्तूला शिवते, तेव्हा कॅमेरा आणि त्या दोन्ही वस्तू एका सरळ रेषेत असतात. मग सॅटेलाइट नकाशावर त्या दोन वस्तू शोधायच्या, दोन्हींतून सरळ रेघ मारायची आणि ती मागं वाढवायची. कॅमेरा त्या रेघेवरच कुठंतरी होता. अशी दुसरी जोडी मिळाली की दुसरी रेघ, आणि जिथं दोन रेघा कापतात तिथं कॅमेरा.

गूगल अर्थमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रो आवृत्तीत) फूटपट्टीच्या टूलनं रेघ मारता येते. आपल्या स्टिलमध्ये बुरुजाची पाण्याकडची कड आणि पाण्यातलं देऊळ जवळजवळ चिकटलेले दिसतात, ही पहिली जोडी. उलट्या शॉटमध्ये छत्रीची एक कड आणि वरच्या दरवाजाचा कोपरा एका रेषेत येतात, ही दुसरी. उलटा शॉट घेताना कॅमेरा दोन-चार पावलं हललेला असतो, म्हणून या दोन रेघांचा छेद अगदी टाचणीच्या टोकाएवढा बरोबर येणार नाही, पण पायऱ्यांचा तेवढा पट्टा मिळतो. आणि आता कसोटी अशी की तो छेद पायऱ्यांवर पडला पाहिजे. नदीच्या मधोमध किंवा भिंतीच्या आत पडला तर एकतर जोडी चुकली किंवा जागा. इथं तो पायऱ्यांवर पडतो, आणि तिथून नदी उजव्या हाताला येते.

जुळवताना आकाराकडं बघू नका, क्रमाकडं बघा. कॅमेऱ्याला लांबची लेन्स लावली की मागची वस्तू जवळ आणि मोठी वाटते, मोबाइलच्या रुंद लेन्सनं तीच वस्तू बारीक होऊन जाते. तुम्ही स्वतः जाऊन काढलेल्या फोटोत देऊळ एवढंसं दिसलं म्हणून जागा चुकली असं नाही. डावीकडून उजवीकडं काय काय येतं, कोण कोणाला झाकतं, हे लेन्सनं बदलत नाही. ते फक्त तुम्ही उभे राहता ती जागा बदलल्यानं बदलतं.

ऊन आणि पाणी

नर्मदा महेश्वरला पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहते आणि घाट उत्तर काठावर. उत्तर काठावर उभं राहून नदी उजवीकडं असेल तर तुम्ही पूर्वेकडं बघताय. स्टिलमध्ये बाईची सावली कॅमेऱ्याकडं पडलीय, म्हणजे ऊन समोरून, पूर्वेकडून, म्हणजे सकाळ. संध्याकाळचा सीन म्हणून दाखवलाय तो भाग वेगळा. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवी, की प्रकाशाचा घाट पण उत्तर काठावर आणि तापी पण पश्चिमवाहिनी, त्यामुळं उन्हावरून प्रकाशा आणि महेश्वर वेगळे करता येत नाहीत. ऊन दोघांनाही सारखंच लागू पडतं. पुरावा खरा असून निरुपयोगी असणं हे या कामात कायम होतं, आणि असा पुरावा "जुळला" म्हणून मोजायचा नाही.

उन्हावरून महिना मात्र थोडा बांधता येतो. आपल्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे तेव्हा दिवसातली सगळ्यात छोटी सावली पण माणसाच्या उंचीएवढी असते. सपाट जागेवर उभ्या माणसाची सावली त्याहून आखूड असेल तर तो डिसेंबरचा शेवट नाही, हे छातीठोकपणे सांगता येतं. आपल्या सीनमध्ये उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्मी आहे आणि ऊन तरीही पूर्वेकडूनच, त्यात घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या, म्हणजे पुराचे दिवस नाहीत. एप्रिल-मे धरायला हरकत नाही. सावली पायऱ्यांवर पडलेली असेल तर ती मोडते आणि लांबी फसवी होते, म्हणून सपाट चौथऱ्यावर उभा असलेला माणूस शोधावा लागला.

सावल्या दोन दिशांना पडतायत, किंवा चेहऱ्यावर एकीकडून आणि मागच्या भिंतीवर दुसरीकडून ऊन आहे, असं असेल तर उन्हाचा पुरावा सोडा. दिवे किंवा चकाकणारे बोर्ड लावलेले असतात.

डोंगराची रेघ असेल तेव्हा

आपल्या स्टिलमध्ये डोंगर नाही, पण खान्देशातली खरी जागा शोधताना बहुतेक वेळा डोंगरच कामाला येतो, म्हणून हे थोडं वेगळं लिहितो. जळगाव जिल्ह्याच्या सपाटीत उभं राहिलं की उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग. यावल, फैजपूर, रावेरच्या शेतातून सातपुडा एक सलग भिंत दिसतो. अजिंठ्याची बाजू पठाराची कड असल्यासारखी, सपाट माथ्याची. धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला सुटा दिसतो, उत्तरेला सोनगीरचा. या सगळ्यांची बाह्यरेषा कधीही बदलत नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्लॅक अँड व्हाइट फ्रेममध्ये पण तीच असते.

करायचं असं: स्टिलमधली डोंगराची रेघ ट्रेसिंग पेपरवर किंवा मोबाइलवर बोटानं काढून घ्या, नुसती रेघ, झाडं-माणसं काही नको. मग गूगल अर्थमध्ये संशयित जागेवर जमिनीच्या पातळीवर उतरा आणि डोंगराकडं तोंड करा. सेटिंगमध्ये `Elevation Exaggeration` हा आकडा १ आहे ना ते आधी बघा, नाहीतर डोंगर ताणलेले दिसतात आणि काहीच जुळत नाही. खिंड कुठं आहे, सगळ्यात उंच टोकाच्या कुठल्या बाजूला उतार सरळ आहे आणि कुठल्या बाजूला पायऱ्यांसारखा, हे जुळवा. गूगलचा भूभाग थोडा गुळगुळीत असतो, बारीक सुळका त्यात बुडून जातो, त्यामुळं एखादा सुळका दिसला नाही म्हणून जागा बाद करू नका, पण मोठी खिंड नसेल तर मात्र बाद.

आणि डोंगर दिसत नाही म्हणजे डोंगर नाही असं धरू नका. एप्रिल-मे मध्ये धूळ आणि उन्हाच्या धगीमुळं सातपुडा भुसावळवरून पण गायब होतो, पाऊस पडून गेल्यावर तोच हाताला लागेल असा दिसतो. म्हणूनच मेणवली बाद करताना मी फक्त "डोंगर दिसत नाही" यावर थांबलो नाही, नदीची रुंदी पण घेतली. मेणवलीचे डोंगर इतके जवळ आहेत की धुळीत सुद्धा पूर्ण लपणार नाहीत, पण वीस-पंचवीस किलोमीटरवरचा सातपुडा सहज लपतो.

जुन्या फ्रेममध्ये भुसावळची बाजू असेल तर दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या पण क्षितिजाचाच भाग धरा. जुने २१० मेगावॅटचे संच १९८० च्या आसपासचे आणि ५०० मेगावॅटचे २०१० नंतरचे, आणि नव्या संचांची चिमणी वेगळीच उंच दिसते. ती आहे की नाही एवढ्यावरून शूटिंग आधीचं की नंतरचं ते कळतं. गूगल अर्थमध्ये `View > Historical Imagery` उघडून जुन्या-नव्या तारखांच्या चित्रांत बांधकाम कधी आलं ते बघता येतं, मात्र आपल्या भागाची स्पष्ट चित्रं २००० च्या आधीची मिळत नाहीत, त्यामुळं त्याहून जुन्या फ्रेमला याचा उपयोग नाही. तिथं गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडं जाणं हाच रस्ता.

निकाल कसा लिहायचा

जागा सापडली की नुसतं "महेश्वर" लिहून सोडू नका, दुसऱ्याला तपासता यायला हवं. मी असं लिहितो: कुठला सीन आणि कितव्या मिनिटाला, कॅमेरा कुठं होता त्याचा नकाशावरचा बिंदू, तोंड कुठल्या दिशेला, कुठल्या न हलणाऱ्या गोष्टी जुळल्या, काय जुळलं नाही, आणि काय तपासलंच नाही. या स्टिलचं असं झालं: घाट महेश्वरचा, कॅमेरा पायऱ्यांवर, तोंड पूर्वेकडं, सकाळ, बहुतेक उन्हाळा. जुळलं ते बुरुज आणि पाण्यातलं देऊळ यांची रेघ, छत्री आणि दरवाजा यांची रेघ, नदीची रुंदी, पलीकडचा काठ. पिंडी जुळल्या पण त्या मोजल्या नाहीत, कारण हलवता येतात. ऊन जुळलं पण ते प्रकाशालाही लागू होतं म्हणून तेही मोजलं नाही. गल्लीचा सीन वेगळा, त्याची जागा अजून उघडी आहे. कौलं आणि एमपीची प्लेट बघता ती पण महेश्वरच्याच बाजूची असावी, पण तिथं मला अजून एकही अशी भिंत किंवा वळण सापडलेलं नाही की ज्यावर बोट ठेवता येईल.